आधी उसळ, मग भात

(मेळाव्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळच्या सत्रात केलेले भाषण)



संयोजकांनी मला वीस मिनिटं दिली आहेत आणि विषयही त्यांनीच दिला आहे. गेले सहा महिने आपल्या ग्रुपवर एक मेसेज फिरतो आहे : जेवताना आधी भाजी आणि डाळ खा, पोळी-भात शेवटी खा, साखर वाढत नाही. कुणी त्यावर अंगठा दाखवला, कुणी हसलं, आणि आपल्यातल्या एकीने तर गोळ्या बंद करू का, असं विचारलं. मी तीस वर्षं वैद्यकीय महाविद्यालयात शरीरक्रियाशास्त्र शिकवलं, म्हणून हा प्रश्न माझ्याकडे आला. आपण सगळे आता साठीच्या आसपास आहोत. काल चहाच्या वेळी किती जण बिनसाखरेचा कप मागत होते, ते मी मोजलं नाही, पण किटल्या दोन ठेवाव्या लागल्या होत्या.

मेसेजमधला पहिला भाग बराचसा खरा आहे. शेवटचे तीन शब्द, ‘साखर वाढत नाही’, हे मात्र खोटे आहेत. साखर वाढते. ती किती वेगाने वाढते आणि किती उंच जाते, एवढंच या क्रमाने बदलतं. मला आज सांगायचं आहे ते हेच, की हा सगळा मामला वेगाचा आहे.

आठवीत बाईंनी आपल्याला आयोडीनचा प्रयोग दाखवला होता. बटाट्याच्या फोडीवर थेंब टाकला की निळा-काळा डाग. भातावर टाकला तरी तसाच, पोळीच्या तुकड्यावरही तसाच. तो पिष्टमय पदार्थ, म्हणजे स्टार्च. स्टार्च म्हणजे ग्लुकोजचे मणी एकामागून एक ओवलेली माळ. तोंडातली लाळ आणि पुढे लहान आतड्यातला स्वादुपिंडाचा रस ती माळ तोडतात आणि मणी रक्तात जातात. भात गोड लागत नाही म्हणून त्यात साखर नाही, असं समजणाऱ्यांनी तो निळा डाग आठवावा.

आता एक हिशेब करू. आपल्या शरीरात सुमारे पाच लीटर रक्त असतं. उपाशीपोटी त्यात शंभर मिलिलीटरमागे साधारण १०० मिलिग्रॅम ग्लुकोज असतं, म्हणजे सगळ्या रक्तात मिळून पाच ग्रॅम. एक चहाचा चमचा! आणि मोठी वाटीभर, म्हणजे दीडशे ग्रॅम शिजवलेल्या भातातून ग्लुकोज निघतं सुमारे ४० ग्रॅम. एक चमचा असलेल्या भांड्यात आठ चमचे यायचे आहेत. ते रक्तात साठून राहू नयेत म्हणून इन्सुलिन त्यांना स्नायूंत आणि यकृतात पोचवत असतं. एका बाजूने आवक, दुसऱ्या बाजूने उठाव. आवक उठावापेक्षा जोरात झाली की रक्तातली पातळी चढते. जेवणानंतरचं शिखर म्हणतात ते हेच.

निरोगी माणसात जेवण सुरू होताच इन्सुलिनचा एक झटपट हप्ता सुटतो. टाइप २ मधुमेहात सगळ्यात आधी बिघडतो तो हा पहिला हप्ता. इन्सुलिन येतं, पण उशिरा येतं. म्हणजे कामगार अर्ध्या तासाने येणार आहेत आणि माल मात्र आत्ताच दारात उतरला आहे. कामगारांना लवकर आणणं हा एक उपाय, आणि काही औषधं तेच करतात. दुसरा उपाय माल हळू उतरवण्याचा. जेवणाचा क्रम काम करतो तो इथे.

माल उतरतो कुठून? जठराच्या खालच्या टोकाला एक स्नायूचं वळं आहे. आपल्या शाळेचं मागचं फाटक आठवा. शाळा सुटली की शिपाईमामा फाटकाचं एकच दार अर्धवट उघडायचे आणि आपण एकेक करून बाहेर पडायचो. जठराचं हे फाटक तसंच आहे. घट्ट अन्न घुसळून एक-दोन मिलिमीटरचे कण झाल्याशिवाय ते सहसा बाहेर सोडत नाही, आणि सोडतं तेही मोजून, मिनिटाला साधारण १ ते ४ कॅलरी. दीडशे ग्रॅम भातातल्या पिठूळ भागाच्या कॅलरी सुमारे १६०. मिनिटाला ४ च्या वेगाने गेला तर तो चाळीस मिनिटांत आतड्यात पोचतो, २ च्या वेगाने गेला तर ऐंशी मिनिटं लागतात. भात तोच, ग्लुकोज तेवढंच, पण एकदा चाळीस मिनिटांत चाळीस ग्रॅम आणि एकदा त्याच्या दुप्पट वेळात. उशिरा येणाऱ्या इन्सुलिनला दुसऱ्या वेळी गाठता येतं.

मग या फाटकाला ‘हळू सोड’ असं सांगतं कोण? आतडंच सांगतं. प्रथिनं आणि स्निग्ध पदार्थ लहान आतड्यात उतरले की तिथल्या काही पेशी जीएलपी-१ नावाचा संप्रेरक सोडतात. तो दोन कामं करतो. जठराला सांगतो, बाबा रे, सावकाश. आणि स्वादुपिंडाला सांगतो, इन्सुलिन तयार ठेव. हल्ली वजन आणि साखर कमी करणारी जी आठवड्याची इंजेक्शनं गाजत आहेत, ती याच संप्रेरकाची नक्कल आहेत. इंजेक्शनाचा जोर फार मोठा आणि जेवणातून सुटणाऱ्या संप्रेरकाचा लहान, त्यामुळे दोन्ही एकच आहेत असं कुणी समजू नये. पण निरोप तोच आहे. महत्त्वाचं हे, की निरोप पोचायला काही मिनिटं लागतात. भात आधी गेला तर निरोप पोचेपर्यंत तो फाटकाबाहेर पडलेला असतो. उसळ, अंडं, मासा, पनीर आधी गेलं तर भात येतो तेव्हा शिपाईमामांनी दार ओढून घेतलेलं असतं.

भाजीचं काम थोडं वेगळं आहे. भेंडी, गवार, मेथी, दुधी यांतला तंतुमय भाग पाणी धरून ठेवतो आणि आतड्यातलं मिश्रण दाटसर करतो. पिष्टमय पदार्थ आणि पाचक रस यांची गाठ त्यात उशिरा पडते आणि सुटलेलं ग्लुकोजही आतड्याच्या भिंतीपर्यंत सावकाश पोचतं. शिवाय भाजी चावायला वेळ लागतो, आणि तो वेळ आपल्याला हवाच आहे.

याचे प्रयोग झाले आहेत. न्यूयॉर्कच्या वाईल कॉर्नेल वैद्यकीय महाविद्यालयातल्या संशोधकांनी २०१५ साली एक छोटा अभ्यास प्रसिद्ध केला. मेटफॉर्मिनवर असलेल्या टाइप २ मधुमेहाच्या अकरा जणांना त्यांनी एकच जेवण दोन वेगळ्या दिवशी दिलं : पाव, संत्र्याचा रस, भाजलेलं चिकन, सॅलड आणि ब्रोकोली. एका दिवशी पाव आणि रस आधी, पंधरा मिनिटांनी बाकीचं. दुसऱ्या दिवशी उलट. उलट्या दिवशी तासाभराने मोजलेली साखर सुमारे ३७ टक्के कमी निघाली आणि दोन तासांनी सुमारे १७ टक्के. इन्सुलिनही कमी लागलं. जपानमध्ये तर हे काम त्याही आधीपासून चालू होतं. तिथे भात हाच मुख्य आहार, म्हणून तिथल्या संशोधकांनी भाताआधी भाजी, भाताआधी मासा असे प्रयोग केले, आणि मासा आधी खाल्ला तर जठर रिकामं व्हायला बराच जास्त वेळ लागतो हे श्वासातून मोजून दाखवलं.

आता आपल्याकडे या. न्यूयॉर्कच्या त्या जेवणात ५५ ग्रॅम प्रथिनं होती. आपल्या शाकाहारी ताटात किती असतात? वाटीभर मोडाच्या मटकीच्या उसळीत सात-आठ ग्रॅम, वाटीभर दह्यात पाचेक ग्रॅम. पातळ वरणाच्या वाटीत बरंचसं पाणीच असतं, त्यातून चार-पाच ग्रॅम मिळाले तरी पुष्कळ. सगळं मिळून पंधरा-वीस ग्रॅम. म्हणून तिकडचा ३७ टक्क्यांचा आकडा आपल्या ताटावर चिकटवू नका. आपला फायदा कमी असणार. किती कमी, ते ज्याने-त्याने मोजावं, आणि ते घरी मोजता येतं.

आमच्या घरी आम्ही मोजलं. माझे यजमान एकसष्ट वर्षांचे, नऊ वर्षांपासून मधुमेह, औषध फक्त मेटफॉर्मिन. निवृत्त अभियंता असल्यामुळे त्यांना तक्ता करायला आवडतो, मला फक्त स्वयंपाक तोच तो ठेवायचा होता. जेवण ठरवलं : दोन पोळ्या, दीडशे ग्रॅम भात, वाटीभर मटकीची उसळ, काकडी-टोमॅटोची दह्यातली मोठी वाटीभर कोशिंबीर, दुधीची भाजी. सगळं काट्यावर तोलून. सकाळचा नाश्ता रोज सारखा, जेवणाची वेळ साडेबारा, आणि जेवल्यावर तीन तास खुर्चीत वर्तमानपत्र. चालायचं नाही, कारण चालण्यानेही साखर उतरते आणि मग श्रेय कुणाचं ते कळत नाही. तीन आठवड्यांत नऊ जेवणं अशी मोजली : तीन वेळा पोळी-भात आधी, तीन वेळा उसळ-कोशिंबीर-भाजी आधी आणि दहा मिनिटांनी पोळी-भात, आणि तीन वेळा आपण नेहमी खातो तसं, घासाला भाजी लावून.

सरासऱ्या अशा आल्या. पोळी-भात आधी : जेवणापूर्वी ११२, एका तासाने २२१, दोन तासांनी १७८. उसळ-भाजी आधी : जेवणापूर्वी ११६, एका तासाने १८३, दोन तासांनी १७४, तीन तासांनी १३८. नेहमीसारखं मिसळून खाल्लं तेव्हा तासाचा आकडा २०५, म्हणजे दोन्हींच्या मधोमध.

या आकड्यांत एक गोष्ट लपली आहे, ती नीट पाहा. दोन तासांचे आकडे १७८ आणि १७४. जवळजवळ सारखेच! आपण प्रयोगशाळेत ‘पीपी’ करून येतो ती दोन तासांचीच. माझ्या यजमानांनी फक्त तेवढीच केली असती तर ते म्हणाले असते, ‘काही फरक नाही, उगाच जेवण थंड केलं.’ फरक होता तो तासाभराच्या शिखरात, १०९ ने चढायच्या ऐवजी ६७ ने चढण्यात. ग्लुकोज हळू आलं म्हणजे ते जास्त वेळ येत राहिलं, म्हणून डोंगर बसका झाला आणि थोडा पुढे सरकला. काहींच्या बाबतीत दोन तासांचा आकडा किंचित वाढलेलाही दिसेल. त्यात घाबरण्यासारखं काही नाही, पण हे माहीत नसेल तर माणूस चुकीचा निष्कर्ष काढतो.

मोजताना दोन पथ्यं पाळा. हात साबणाने धुऊन पुसा, बोटाला फळाचा रस लागलेला असला तरी यंत्र भलतंच सांगतं. आणि एका आकड्यावर विसंबू नका. घरगुती ग्लुकोमीटरला १५ टक्क्यांपर्यंत इकडे-तिकडे होण्याची मुभा असते, म्हणजे पडद्यावर १८० दिसलं तर खरी साखर १६० असू शकते किंवा २०० सुद्धा. म्हणूनच आम्ही प्रत्येक प्रकार तीनदा केला. शास्त्राच्या मोजमापाने तीनदा हेही कमीच, पण स्वतःच्या ताटाविषयी ठरवायला बरंच.

आता काही जण म्हणतील, आपली परंपरा काय सांगते? गंमत अशी, की आपल्या पंगतीची सुरुवातच साध्या वरणभाताने होते, वर तूप आणि लिंबू. मग पोळी, मग मसालेभात, शेवटी ताकभात. म्हणजे तासाभराच्या शिखराची उत्तम सोय. पण पानात डावीकडे कोशिंबीर आणि उजवीकडे भाजी ही भाताआधीच वाढलेली असते, आणि वाढपी सगळ्यांपर्यंत पोचेपर्यंत आपण हात आखडून बसलेले असतो. ती दहा मिनिटं कोशिंबिरीच्या कामी लावायला कुणाची हरकत असू नये. यजमानीणबाईंना आधी सांगून ठेवा म्हणजे झालं.

भाजी म्हटल्यावर बटाट्याची भाजी घेणारे बहाद्दर आपल्यात आहेत, मी नावं घेत नाही. बटाटा, रताळं, साबुदाणा, मक्याचे दाणे हे या हिशेबात भाताच्या बाजूला जातात. पुन्हा आयोडीन आठवा. काकडीच्या चार चकत्या आणि लिंबाची फोड यानेही काही होत नाही, वाटीभर तरी हवं. आणि पोहे, उपमा, मिसळीतला पाव यांत क्रम लावणं अवघडच. मिसळ खाताना आधी मटकी संपवून मग पाव, असं करून पाहिलं. जमतं, पण पाव कोरडा राहतो.

गोळ्या बंद करू का, या प्रश्नाचं उत्तर ‘नाही’ असं आहे. क्रमाने एका जेवणाचं शिखर खाली येतं. उपाशीपोटीची साखर रात्रभर यकृत किती ग्लुकोज सोडतं त्यावर ठरते, तिला दुपारच्या कोशिंबिरीचं फारसं काही पडलेलं नाही. शिवाय पोळ्या दोनाच्या चार केल्या तर क्रम कितीही सुंदर असो, ग्लुकोज दुप्पट येणारच. तिकडचे अभ्यास बहुतेक लहान आहेत, आणि अनेक वर्षं क्रम पाळून तीन महिन्यांची सरासरी साखर किती उतरते याचा पुरावा एका जेवणाच्या पुराव्याइतका पक्का नाही. याचा खर्च शून्य आहे आणि त्याने भूक थोडी लवकर भागते, म्हणून मी तो पाळायला सांगते. औषधाच्या जागी नाही, औषधासोबत.

आणि आता ज्या कारणासाठी मी खरं म्हणजे हे भाषण स्वीकारलं, ते. आपल्यात जे जेवणाआधी झटपट काम करणारं इन्सुलिन टोचून घेतात, त्यांनी कृपया इकडे लक्ष द्यावं. ते इन्सुलिन दहा-पंधरा मिनिटांत कामाला लागतं आणि तासा-दोन तासांत त्याचा जोर सर्वाधिक असतो. डॉक्टरांनी त्याची मात्रा आणि वेळ ठरवलेली असते ती तुमच्या नेहमीच्या जेवणावरून, भात वेळेवर येणार हे धरून. माझ्या नात्यातल्या एका गृहस्थांनी तो मेसेज वाचला, नेहमीचं इंजेक्शन घेतलं, उसळ आणि कोशिंबीर सावकाश खाल्ली, मग फोनवर बोलत बसले. भात अजून पातेल्यातच होता. चाळीस मिनिटांनी त्यांना दरदरून घाम फुटला, हात थरथरू लागले आणि बोलणं अडखळलं. बायकोने बोट टोचून पाहिलं तर साखर ५८.

त्या बाईंनी योग्य तेच केलं. तीन चहाचे चमचे साखर पाण्यात विरघळवून पाजली, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजलं, ७० च्या वर आल्यावर भात खायला दिला. त्या वेळी कोशिंबीर आणि पनीर उपयोगाचं नसतं, तिथे साखरच लागते, आणि तीही पाण्यातून, लाडू-पेढ्यातून नाही, कारण तुपाने फाटक पुन्हा ओढून घेतलं जातं. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काही घालू नये, सरळ दवाखाना गाठावा. नंतर त्यांच्या डॉक्टरांनी इंजेक्शनाची वेळ आणि मात्रा दोन्ही बदलून दिली आणि आता ते हाच क्रम बिनधोक पाळतात. ग्लिमेपिराइडसारख्या, स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनाही हीच सूचना, थोड्या सौम्य आवाजात. नुसत्या मेटफॉर्मिनवर असलेल्यांना हा धोका नगण्य आहे.

ज्यांचा मधुमेह पंधरा-वीस वर्षांचा आहे आणि दोन घास खाल्ले की पोट भरल्यासारखं होतं, सकाळचं जेवण संध्याकाळपर्यंत वर येतं, त्यांच्या जठराचं फाटक मधुमेहानेच मंद झालेलं असू शकतं. त्यांनी ते आणखी मंद करायला जाऊ नये, आधी तपासून घ्यावं. मूत्रपिंडाचा त्रास असलेल्यांनी प्रथिनं किती खायची हे त्यांच्या डॉक्टरांकडूनच ठरवून घ्यावं; त्यांनी आधी भाजी खाल्ली तरी पुरे.

आज दुपारचा बेत मी स्वयंपाकघरात जाऊन विचारून आले आहे. मटकीची उसळ आहे, काकडीची कोशिंबीर आहे, भरली वांगी आहेत, आणि मी विनंती केल्यावरून वाढपी भात दहा मिनिटं उशिरा आणणार आहेत. जे जेवणाआधी इंजेक्शन घेतात त्यांच्यासाठी खिडकीजवळच्या टेबलावर भात आणि पोळी पहिल्यापासून मांडलेली असेल. माझा ग्लुकोमीटर आणि पन्नास पट्ट्या माझ्या पिशवीत आहेत. ज्यांना तासाभराने बोट टोचून घ्यायचं आहे त्यांनी पहिला घास किती वाजता घेतला तेवढं लिहून ठेवावं.